मॉलच्या अट्रियममध्ये सूचना का कळत नाही?

आगीच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून दिलेली सूचना ऐकू येणे आणि तिचे शब्द कळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सुबोधता ‘एसटीआय’ या ० ते १ च्या निर्देशांकाने मोजतात. आपत्कालीन सूचनेसाठी साधारण ०.५ हे लक्ष्य असते.

खरी अडचण अट्रियमची. ४० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि तितक्याच उंच, काच-ग्रॅनाइटच्या जागेत आवाज विरायला ३ सेकंद लागतात असे धरू. सर्व दिशांना सारखा आवाज फेकणाऱ्या एका स्पीकरचा थेट ध्वनी तिथे जेमतेम ४ मीटरपर्यंत वरचढ राहतो. पुढे घुमणारा ध्वनी शब्द गिळतो. गोंगाटापेक्षा सूचना सुमारे १० डेसिबल मोठी झाली की पुढे आवाज वाढवणे व्यर्थ, कारण घुमणेही तितकेच वाढते.

म्हणून छताला मोठे भोंगे टांगू नयेत. प्रत्येक मजल्याच्या गॅलरीखाली, श्रोत्यांजवळ लहान स्पीकर हवेत. मोकळ्या चौकासाठी आवाज आडव्या अरुंद पट्ट्यात फेकणारे स्तंभ-स्पीकर. दहापट दिशादर्शी स्तंभ तीच मर्यादा सुमारे १३ मीटरवर नेतो. छतालाच ध्वनिशोषक लावता आले, तर ते सर्वांत उत्तम.

चाचणी बहुधा रात्री, रिकाम्या मॉलमध्ये होते. तेव्हा गर्दीचा गोंगाट नसल्याने आकडा फसवा चांगला येतो. गर्दीच्या वेळचा गोंगाट वेगळा मोजून तो हिशेबात धरावाच लागतो.