ट्रायलला या, ताई

लग्नसराईत लेडीज टेलरकडून येणारा मेसेज साधारण असा असतो : ‘नमस्कार ताई. तुमचा पैठणीवरचा ब्लाउज ट्रायलला तयार आहे. १२ किंवा १३ तारखेला ११ ते १ मध्ये या. लग्नात घालणार तीच ब्रेसियर घालून या. १७ला फायनल मिळेल. काही कमी-जास्त वाटलं तर २०पर्यंत आणा, त्यानंतर अल्टरचं काम घेणार नाही.’ लग्न २२ला.

आपण यातला ‘तयार’ तेवढा वाचतो आणि सवड मिळेल तेव्हा, म्हणजे १६ला संध्याकाळी, दुकानात उगवतो. तोवर गल्ला हुकलेला असतो, कारण या तारखा टेलरच्या सोयीपेक्षा ब्लाउजच्या अवस्थेवरून ठरलेल्या असतात.

ट्रायलचा ब्लाउज अर्धवटच असतो. टक्स घातलेले, खांदे जोडलेले, बाह्याही लागलेल्या. पण बाजूची शिवण मोठ्या, सहज उसवता येणाऱ्या टाक्यांची. आपल्याकडे बहुतेक टेलर बाही आधी मुंढ्याला लावतात आणि मग बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एकच सलग शिवण मारतात. घेर आणि दंड दोन्ही या एका शिवणीवर अवलंबून, म्हणून ती शेवटपर्यंत कच्ची ठेवायची. गळ्याला पायपिंग नाही, हूक नाहीत, पुढची पट्टी टाचण्यांनी बंद करायची.

एक उदाहरण घेऊ. माप देताना बाई साध्या ब्रेसियरमध्ये होत्या, लग्नात पॅडेड घालणार आहेत. ट्रायलला पुढची पट्टी ताणली जाते आणि टाचण्यांपासून छातीवर आडव्या रेघा उठतात. घेर इंचभर कमी पडतोय. टेलर शिवणीत दाबलेली माया बघतो. ती एक इंच आहे. उजवी-डावी मिळून दोन शिवणी, प्रत्येकीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर, म्हणजे चार ठिकाणी पाव-पाव इंच सोडलं की इंचभर घेर वाढला. दहा मिनिटांचं काम. हेच १७नंतर सांगितलं तर पक्की शिवण उसवायची, अस्तरासकट. शिवाय रेशमी कापडावर जुन्या टाक्यांची भोकं दिसत राहतात. सुती ब्लाउजला एक धुणं मिळालं की ती बरीचशी बुजतात. पैठणीच्या कापडाला धुण्याची सोय नाही.

घेर सुटतो, पण गळा सुटत नाही. मागचा गळा एकदा खोल कापला की तो वर आणायला कापडच उरत नाही. म्हणून हुशार टेलर ट्रायलपर्यंत गळा अर्धा-पाऊण इंच कमीच कापतात आणि अंगावर खडूने खूण करून मग उतरवतात. मुंढ्याचंही तेच : काखेत काचत असेल तर थोडा कोरता येतो, जास्त कोरला गेला तर इलाज नाही.

तेव्हा ट्रायलला आरशासमोर ताठ उभं राहून ‘छान आहे’ म्हणणं फुकट. हात वर करा, जणू मुंडावळ्या बांधताय. खाली वाकून पाया पडा. स्टुलावर बसून पोटभर श्वास घ्या. हात वर केल्यावर ब्लाउज छातीवरून वर सरकला तर दोष बहुधा मुंढ्यात. खांद्यावरून बाही घसरत असेल तर गळा रुंद झालाय किंवा खांदा जास्त आहे. उभ्या सैल चुण्या म्हणजे कापड जास्त, आडव्या ताणलेल्या रेघा म्हणजे कमी. एवढं ओळखता आलं तरी टेलरशी बोलणं सोपं होतं. ‘कसंतरीच वाटतंय’ यावर तो बिचारा काय करणार?

१३ ते १७ या दिवसांत पक्की शिलाई, पायपिंग, हूक, हातशिलाई, मागच्या नाडीला लटकन आणि इस्त्री होते. यातलं हूक आणि हातशिलाईचं काम अनेक दुकानं बाहेर एखाद्या बाईकडे देतात. ट्रायल दोन दिवस लांबली की तुमचा नग तिच्या पुढच्या गठ्ठ्यात जातो.

राहिली २० तारीख. डिलिव्हरीनंतरच्या मुदतीत टेलर फुकट काय करून देईल, हे माप देतानाच विचारून घ्यावं. बाजू घट्ट-सैल करणं, हूक सरकवणं, बाहीची उंची कमी करणं हे सहसा मोफत होतं. ट्रायलला पसंत केलेला गळा नंतर बदलायचा म्हटलं तर त्याचे पैसे लागतात, आणि ते रास्त आहेत. मुदतीआधी ब्लाउज ड्रायक्लीनला टाकू नये : कापड आटलं की माप चुकलं, याचा निवाडा मग कुणालाच करता येत नाही. घरी आणल्याच दिवशी साडी नेसून एकदा घालून बघावा. पदराची पिन लावली की खांदा कुठे ओढला जातो ते तेव्हाच कळतं, आणि हातात तीन दिवस उरलेले असतात.