रविवारची गोळी

परदेशातल्या मुलीला गोळ्यांची आठवण करून देणारे ॲप आईच्या गळी उतरवायचे असेल, तर पत्रात ‘तू विसरतेस’ हे वाक्य टाळलेले बरे. आईला ते झोंबते, आणि प्रश्न दरवेळी विसरण्याचा नसतोही. संधिवातासाठी दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटचेच पाहा. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले, तर अस्थिमज्जेचे काम मंदावते, रक्तातल्या पेशी घटतात आणि जिवावर बेतू शकते. अशा चुका इतक्या वेळा घडल्या की युरोपीय औषध नियामक संस्थेने 2019 मध्ये त्या टाळण्यासाठी नवे उपाय सुचवले.

समजा, आई कोल्हापुरात आणि मुलगी कॅनडात आहे. आईची मेथोट्रेक्सेट रविवारी, तर डॉक्टरांनी सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी बुधवारी. दोन्ही गोळ्या पिवळसर असू शकतात. सोमवारी आईला शंका येते, काल घेतली होती का? मुलीचे पत्र इथे नेम धरते: “आई, हे ॲप तुला गोळी घे म्हणून सांगायला नाही, पुन्हा घेऊ नकोस म्हणून सांगायला आहे. ‘घेतली’वर बोट टेकवलंस की वार आणि वेळ तिथे राहते.” कॅलेंडरवर खूण करणाऱ्या आईला हे नवे नाही, फक्त खूण करायला विसरली तर कॅलेंडर आवाज देत नाही.

बहुतेक ॲप नवीन औषध नोंदवताना ‘दररोज’ हाच पर्याय आधी दाखवतात. तो तसाच राहिला, तर ॲपच ती घातक चूक रोज करायला सांगेल. म्हणून व्हिडिओ कॉलवर मुलीने चिठ्ठी समोर धरून आईकडून ‘दर आठवड्याला’ आणि वार निवडून घ्यावा, आणि औषधाच्या नावापुढे ‘फक्त रविवारी’ असे लिहून घ्यावे.

घंटी न वाजणे ही दुसरी अडचण. अँड्रॉइड 13 पासून सूचना दाखवायला ॲपला परवानगी लागते, आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात काही फोन ॲपला झोपवूनही टाकतात. पाच मिनिटांनंतरची आठवण लावायची, फोन लॉक करून बाजूला ठेवायचा. वाजली नाही, तर सेटिंगमध्ये त्या ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध काढायचे.

गोळी चुकली की मुलीला कळवण्याची सोय काही ॲपमध्ये असते. ही पाळत आहे, असे आईला वाटू शकते आणि ते वाटणे रास्तच आहे. पत्रात ती सोय आईच्या मर्जीवर सोडावी. शिवाय बोट टेकवले म्हणजे गोळी पोटात गेली असे नाही. शंका आली तर पट्टीतल्या रिकाम्या जागा मोजाव्यात आणि तरीही उलगडा झाला नाही, तर दुसरी गोळी न घेता डॉक्टरांना विचारावे. जास्त घेतल्याचे कळले, तर त्रासाची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. तोंडात फोड, ताप किंवा अंगावर निळे डाग उशिरा दिसू शकतात.