नकाशाची भाषा : लेखांक ७
साठाचे गणित शंभरात बसवताना

गेल्या आठवड्यात अक्षांश-रेखांश म्हणजे काय ते पाहिले. आता पुस्तकात छापलेला आकडा वेबनकाशाच्या शोधचौकटीत टाकण्याजोगा कसा करायचा ते पाहू. उदाहरणाला महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई घेऊ. त्याचे स्थान १९ अंश ३६ मिनिटे ४ सेकंद उत्तर, ७३ अंश ४२ मिनिटे ३३ सेकंद पूर्व.

अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटे आणि मिनिटाचे साठ भाग म्हणजे सेकंद. म्हणून मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागायचे आणि दोन्ही उत्तरे अंशांत मिळवायची.

```
19 + 36/60 + 4/3600  = 19.6011
73 + 42/60 + 33/3600 = 73.7092
```

चौकटीत टाकायचे ते एवढेच:

```
19.6011, 73.7092
```

सर्वाधिक फसगत होते ती भागाकार न करता मिनिटे-सेकंद थेट दशांश चिन्हापुढे लिहिल्याने. 19.3604, 73.4233 असे टाकले तर नकाशा तक्रार करत नाही. खूण मुकाट्याने नैर्ऋत्येला सुमारे ४० किलोमीटरवर, ठाणे जिल्ह्यात पडते. अशी चूक ओळखायची एक युक्ती आहे. कुणी पाठवलेल्या यादीत दशांश चिन्हानंतरची पहिली जोडी आणि दुसरी जोडी कधीच ५९ च्या वर जात नसेल, तर ती यादी बहुधा न भागता लिहिलेली आहे. एकाच ठिकाणावरून मात्र हा निष्कर्ष काढू नका. आपले बरोबर आलेले 19.6011 पाहा, त्यातली ‘६०’ ही जोडीच सांगते की ही मिनिटे असूच शकत नाहीत, पण सगळीच उत्तरे इतकी बोलकी नसतात.

क्रमही सांभाळा : आधी अक्षांश, मग रेखांश. उलटे टाकले तर कळसूबाई नॉर्वेच्या उत्तरेकडच्या थंड समुद्रात जाते. ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते.

परदेशातल्या वाचकांसाठी आणखी एक. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश यांना उणे चिन्ह लागते, पण ते सगळी बेरीज झाल्यावर लावायचे. सॅन फ्रान्सिस्कोचे रेखांश १२२ अंश २५ मिनिटे पश्चिम, म्हणजे -122.4167. उणे १२२ मध्ये पंचवीस मिनिटे मिळवत बसलात तर -121.5833 येते आणि खूण सत्तरहून अधिक किलोमीटर पूर्वेला सरकते.

गणकयंत्र पुढे आठ-दहा आकडे दाखवते, ते सगळे उतरवू नका. अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर सुमारे ३१ मीटर भरतो, तर दशांशातले चौथे स्थान सुमारे ११ मीटर. मूळ आकडा सेकंदापर्यंतच दिलेला असेल तर चार स्थाने पुरेशी आहेत. त्यापुढच्या आकड्यांनी शिखर अधिक अचूक सापडत नाही.