किमान ३० पाने

‘वास्तुशांत, बारसे, डोहाळजेवण, साखरपुडा. घरगुती शाकाहारी जेवण. साधे ताट २२० रुपये, गोडासह २८०, स्पेशल ३६०. किमान ३० पाने. वाढप व वाहतूक वेगळी. चार दिवस आधी ऑर्डर, निम्मी रक्कम आगाऊ.’

पुण्या-मुंबईत कुठल्याही लहान केटररच्या मेनूच्या फोटोखाली अशाच चार-पाच ओळी असतात. वाचणाऱ्याची नजर २८० वर जाते आणि तिथेच थांबते. मग तो मनातल्या मनात पाहुण्यांची संख्या गुणिले २८० करतो आणि शेवटी बिल पाहून चकित होतो. खरे तर या ओळींतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ३० हा आहे.

केटररच्या बाजूने पाहू. समजा, २८० च्या ताटाला धान्य, भाजी, तेल-तूप, दूध, गोड असा १४० रुपयांचा माल लागतो. हा खर्च पानांप्रमाणे कमी-जास्त होतो. पण आचाऱ्याची हजेरी १५००, दोन मदतनिसांचे १६००, गॅस आणि भांडी धुण्याचे ९०० हे चार हजार रुपये वीस माणसे जेवली काय आणि चाळीस जेवली काय, जायचेच. आचारी पहाटे येऊन मटकीला फोडणी घालतो ती एकदाच. टोप लहान असला म्हणून त्याची हजेरी अर्धी होत नाही. २० पानांची ऑर्डर घेतली तर मालाचे पैसे जाऊन २८०० उरतात, म्हणजे बाराशेचा खड्डा. ३० पानांना ४२०० उरतात आणि खर्च कसाबसा निघतो. त्यामुळे ‘जरा कमी करा ना, आमची पंचवीसच माणसे आहेत’ असे म्हणताना आपण दर कमी करायला सांगत नसतो, पदरमोड करायला सांगत असतो.

आता यजमानाच्या बाजूने. समजा, उपनगरातल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आहे आणि चाळीस माणसे जेवायला आहेत. पहिल्या केटररचा दर वर दिला तसा २८०, वाढप्याचे प्रत्येकी ६०० आणि टेम्पोचे ८०० वेगळे. दुसरा म्हणतो, ‘सगळे धरून ३२०, पण किमान ५० पाने.’ कानाला दुसरा सोपा वाटतो. हिशेब केला की पहिल्याकडे ४० पानांचे ११,२००, दोन वाढप्यांचे १२०० आणि टेम्पोचे ८०० मिळून १३,२०० होतात, म्हणजे ताटाला ३३०. दुसऱ्याकडे माणसे चाळीस असली तरी पैसे पन्नासांचे, १६,०००. ताट चारशेला पडले. पन्नास पानांना दोघांचे बिल नेमके सारखे होते. त्यामुळे कोण स्वस्त, हे आपली माणसे मोजल्याशिवाय सांगताच येत नाही. नोंदणी असलेला केटरर यावर साधारण ५ टक्के जीएसटी लावतो, तेव्हा दर करासह की कराशिवाय, हेही आधीच विचारावे. बिलावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक असायला हवा. तो मागण्यात संकोच नको.

माणसे मोजणे मात्र सोपे नाही, आणि वास्तुशांतीला तर नाहीच. साखरपुड्याला सगळे एका वेळी येतात आणि एका वेळी जेवतात. वास्तुशांतीची पूजा सकाळपासून चालते, होमाला वेळ लागतो, नैवेद्य दाखवल्याशिवाय पान मांडता येत नाही. एक वाजता जेवायचे म्हणून ठरलेले अडीचला सरकते. ऑफिसची मंडळी तोवर पेढा घेऊन निघून जातात आणि शेजारची चार माणसे, जी ‘फक्त दर्शनाला’ आलेली असतात, ती आग्रहाने बसतात. गुरुजींचे पान, मदतीला आलेल्या मावशींचे पान, खाली रखवालदाराला द्यायचे ताट हे यादीत कुणीच धरत नाही. चाळीस जणांनी ‘येतो’ म्हटले असेल तर मी तरी छत्तीसची गॅरंटी देईन. गॅरंटी म्हणजे तेवढ्या पानांचे पैसे नक्की. वर जेवतील त्यांचे जास्तीचे. बहुतेक केटरर आठ-दहा टक्के जेवण जास्त आणतात, त्यामुळे चार माणसे वाढली तर कुणी उपाशी राहत नाही. पण हे ‘जास्त’ किती, हे आधी विचारून घ्यावे.

पाने मोजायची रीतही ठरवून टाकावी. रिकामी ताटे किती आणली ते सुरुवातीला घरातल्या एकाने केटररच्या माणसासमोर मोजायचे, शेवटी उरलेली मोजायची. फरक तेवढी पाने. पहिल्यांदा भात आणि नंतर गोडासाठी दुसरी डिश घेणारे पाहुणे असतात, म्हणून वाट्या-डिश मोजू नयेत, मोठी ताटेच मोजावीत. लहान मुलांचे अर्धे पान धरणार की पूर्ण, यावरून निरोपाच्या वेळी होणारा वाद टाळता येतो.

‘गोडासह’ या शब्दातही बरेच काही दडलेले असते. श्रीखंड हवे तेवढे की एकच वाटी? गुलाबजाम ताटाला दोन की मागाल तितके? भाजी, उसळ, मसालेभात सहसा पोटभर असतात. मोजून मिळते ते गोड आणि पनीर, कारण माल तिथेच महाग. पूजेचा दिवस असेल तर कांदा-लसूण नको हे तोंडी न सांगता लिहून द्यावे. केटररची मटकीची उसळ रोज कांद्यावरच होते, आणि हाताची सवय ऐनवेळी जात नाही.

सर्वात जास्त फसगत पुरीची होते. सोसायटीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये भट्टी लावू देत नाहीत, म्हणून जेवण केटररच्या स्वयंपाकघरातून तयार होऊन येते. अकराला तळलेली पुरी झाकणाखाली वाफ धरते आणि दोन वाजता तिचे कातडे होते. पूजा लांबणार हे दिसत असेल तर पोळ्या सांगाव्यात. त्या फडक्यात तरी मऊ राहतात. मसालेभाताचेही तसेच. तो येताना वाफाळता असला पाहिजे. कोमट आलेला भात तासन्‌तास तसाच ठेवणे पोटाला चांगले नाही. म्हणून जेवण बारालाच येऊन पडू नये, नैवेद्यापुरते आधी आणि बाकीचे गुरुजींनी पूर्णाहुतीचा अंदाज दिल्यावर निघावे, असे ठरवणे शहाणपणाचे.

आणि माणसे अठराच असतील तर? ३० पानांचे पैसे भरून उरलेले डब्यांत वाटणे हा एक मार्ग. दुसरा बरा आहे, पण फोटोखालच्या ओळींत तो बहुधा लिहिलेला नसतो: पुष्कळ केटरर किलोने पदार्थ देतात. अठरा जणांना तयार मसालेभात तीन किलो (म्हणजे साधारण एक किलो तांदळाचा), बटाट्याची भाजी आणि उसळ दोन-दोन किलो, श्रीखंड दोन किलो आणि नव्वद-शंभर पुऱ्या पुरतात. वरणभाताचा कुकर घरी लावायचा, कोशिंबीर आणि चटणी घरची, वाढायला घरातलीच दोघे. त्याच दिवशी दुसऱ्या कुणाची मोठी ऑर्डर असेल का, हे विचारून तारीख जुळवली तर केटररही खूश असतो, कारण आचारी तेव्हा तसाही आलेलाच असतो.