रेंज फुल, तरी नेट स्लो? राउटर कोणत्या खिडकीत ठेवायचा ते 'या' आकड्यावरून ठरवा

सिम कार्डवर चालणारा ४जी किंवा ५जी राउटर घेतला की पहिला सल्ला मिळतो, 'खिडकीजवळ ठेवा.' सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट. कारण घरात खिडक्या दोन-तीन असतात आणि त्यातली कोणती, हे कुणी सांगत नाही. मग आपण राउटर हातात घेऊन घरभर फिरतो आणि जिथे सगळ्या काड्या पेटतील तिथे तो ठेवून देतो. नेमकं इथेच चुकतं.

आधी खिडकीच का, ते पाहू. टॉवरवरून येणाऱ्या लहरी काँक्रीटच्या भिंतीतून आत येताना सहज १० डीबीने कमी होतात. आकडा छोटा वाटतो, पण डीबीचा हिशेब वेगळा असतो. १० डीबी कमी म्हणजे सिग्नलची ताकद थेट दहावा भाग. साध्या काचेतून मात्र त्या बऱ्याच सहज आत येतात. आपल्याकडे ५जीसाठी वापरला जाणारा ३३०० मेगाहर्ट्झचा बँड ७०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत भिंतीपुढे लवकर हार मानतो, त्यामुळे ५जी राउटरला खिडकीची गरज जास्त. अपवाद एकच, नव्या टॉवरमधल्या उष्णतारोधक काचा. त्यांच्यावर धातूचा पातळ थर असतो आणि तो सिग्नलही अडवतो. अशा खिडकीची काच सरकवून फरक पडतो का, ते पाहा.

आता काड्यांकडे येऊ. काड्या मुख्यतः सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवतात. तो किती स्वच्छ आहे, हे त्यावरून कळत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये शेजारचा माणूस मोठ्याने बोलत असतो, तरी डीजेमुळे शब्द कळत नाहीत, तसंच हे.

राउटरच्या सेटिंगमध्ये या दोन्ही गोष्टींचे वेगळे आकडे असतात. राउटरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 टाका (नेमका पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतो). लॉगिन करून नेटवर्कच्या माहितीत RSRP आणि SINR शोधा. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये हे पान लपवलेलं असतं, तेव्हा मात्र स्पीड टेस्टवरच भागवावं लागतं.

RSRP म्हणजे सिग्नलचा जोर. तो उणे आकड्यात असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -८५ छान, -१०० चालेल, -११५ म्हणजे रडतखडत. SINR म्हणजे स्वच्छता. इथे मोठा आकडा चांगला. २० उत्तम, १० ठीक. शून्याच्या खाली गेला तर नको असलेला गोंधळ खऱ्या सिग्नलपेक्षा मोठा झालाय, असं समजा.

समजा, तुमच्या हॉलची खिडकी मुख्य रस्त्यावर उघडते. तिथे RSRP -८४ आणि SINR ३ आहे. मागच्या बेडरूमच्या खिडकीत RSRP -९७, पण SINR १६. काड्या पाहिल्या तर हॉल जिंकतो. स्पीड मात्र बहुतेक वेळा बेडरूममध्ये जास्त मिळेल. असं का? हॉलच्या मोकळ्या खिडकीला एकाच कंपनीचे दोन-तीन टॉवर एकदम 'दिसतात'. ते एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत असल्याने एकमेकांत मिसळतात. बेडरूमकडून एकच टॉवर दिसतो, बाकीचे तुमच्याच इमारतीच्या आड जातात. म्हणजे जी भिंत एरवी शत्रू, तीच इथे कामाला येते.

मोजताना घाई करू नका. राउटर नव्या जागी ठेवला की दोन-तीन मिनिटं थांबा, कारण आकडे हलत असतात आणि राउटर टॉवरही बदलू शकतो. मग प्रत्येक खिडकीत तीनदा स्पीड टेस्ट करा, तीही राउटरच्या शेजारी बसून, शक्य असेल तर लॅन केबल जोडून. दूरच्या खोलीत बसून टेस्ट केली तर तुम्ही टॉवर नाही, घरातलं वाय-फाय मोजताय. जागा अगदी थोडी बदलूनही पाहा. लोखंडी ग्रिलपासून किंवा एसीपासून फूटभर सरकवल्यानेही आकडे बदलू शकतात. थेट ऊन येणारा कट्टा मात्र टाळा, राउटर तापला की स्पीड घसरतो किंवा तो बंद-चालू होत राहतो. बेडरूममधून हॉलपर्यंत वाय-फाय पोहोचत नसेल, तर राउटर तिथेच राहू द्या आणि हॉलसाठी केबलने दुसरा साधा वाय-फाय राउटर जोडा.

एवढं करूनही रात्री ९ वाजता स्पीड कोसळत असेल तर सकाळी ६ ला पुन्हा टेस्ट करा. RSRP दोन्ही वेळा जवळपास तेवढाच आणि सकाळी स्पीड कितीतरी जास्त, असं दिसलं तर टॉवरवर गर्दी आहे. तेव्हा राउटर हलवत बसू नका. दुसऱ्या कंपनीचं सिम एखाद्या मित्राच्या फोनमध्ये असेल, तर त्याच खिडकीत रात्री ९ वाजताच त्यावर टेस्ट करून पाहा.