सिगारेट सोडायचं ॲप: कोणतं कामाचं, कोणतं नुसतं शोभेचं?

सिगारेट सोडवणारी अनेक ॲप उघडताच फुप्फुसाचं चित्र दाखवतात. खाली लिहिलेलं असतं, '37 टक्के बरी झाली'. हा आकडा कुठून येतो ते पाहायचं असेल तर सिगारेट सोडल्याची तारीख वर्षभर मागे न्या. आकडा लगेच वर उडी मारेल! फोनने फुप्फुस मोजलेलं नसतं, फक्त दिवस मोजलेले असतात. असं चित्र बघून बरं वाटत असेल तर वाटू द्या, पण त्यासाठी पैसे भरू नका.

आम्ही ॲपमध्ये पहिल्यांदा बघतो ती तलफेची नोंद. तलफ आली की वेळ, जागा आणि तेव्हा काय चाललं होतं, हे दोन-तीन टॅपमध्ये लिहिता आलं पाहिजे. समजा, एक दुकानदार भाई दिवसाला 12 सिगारेट ओढतात. सोडण्याआधी आठवडाभर नोंद केल्यावर दिसतं की सकाळचा चहा, जेवणानंतरची वेळ आणि सात वाजता शटर ओढल्यावर मित्रांचा अड्डा, या तीन वेळा ठरलेल्या आहेत. आता आठवण सात वाजता नको, 6:50 ला हवी, कारण हातात सिगारेट आल्यावर वाजलेल्या घंटीचा काय उपयोग? मजकूरही आपलाच हवा: 'आज अड्ड्यावर नाही, सरळ घरी.' वेळ आणि मजकूर बदलू न देणारं, दिवसभर कधीही 'तुम्ही करू शकता' म्हणणारं ॲप दोन दिवसांत म्यूट होतं.

रमजानमध्ये हे वेळापत्रक बदलतं. दुपारची आठवण निरुपयोगी होते, खरी तलफ इफ्तारनंतरच्या चहाला येते. म्हणून आठवण तिथे हलवावी लागते आणि ईदनंतर पुन्हा पूर्वीच्या जागी आणावी लागते.

तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायला मदत करणारं बटण असेल तर उत्तम. अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 'iCanQuit' या ॲपची तुलना 'QuitGuide' शी केली होती. पहिलं ॲप तलफेशी न झगडता तिला येऊन जाऊ द्यायला शिकवतं. वर्षाअखेर ते वापरणाऱ्यांपैकी सुमारे 28 टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्यात 21 टक्के. म्हणजे चांगल्या ॲपनेही बहुतेकांची सुटली नव्हती.

एक सिगारेट ओढली की सगळे दिवस शून्यावर आणणारा काउंटर मात्र टाळा. चाळीस दिवस पुसले गेले की माणूस म्हणतो, आता गेलंच, ओढूया. चूक नोंदवून पुढे मोजणारं ॲप घ्या. पैशांचा हिशेब ठीक आहे, पण सुटी सिगारेट किंवा बिडीचा भाव टाकता येतो का ते बघा.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर निकोटिनची पकड घट्ट आहे. तिथे एकट्या ॲपवर विसंबू नका, डॉक्टरांना निकोटिन गमबद्दल विचारा किंवा सरकारच्या मोफत 1800-11-2356 या क्रमांकावर फोन करा.