कार्ड बदललं तरी कारखाना हळूच

माझ्या भाच्याला नवं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. फॅक्टोरिओ या खेळात त्याने अडीचशे तास खपून एक अवाढव्य कारखाना उभा केलाय. सुरुवातीला हा खेळ सुसाट चालायचा, आता मात्र पट्ट्यावरचा माल उचलून भट्टीत टाकणारे यांत्रिक हात, म्हणजे इन्सर्टर, पाण्याखाली असल्यासारखे फिरत होते. "मामा, कार्डच जुनं झालंय," हे त्याचं निदान.

मी त्याला नकाशा उघडून पूर्ण दूर जायला सांगितलं. तिथे यंत्रं दिसत नाहीत, नुसते रंगीत ठिपके दिसतात. म्हणजे चित्र काढायचं काम जवळजवळ नाहीच, तरी खेळ तितकाच संथ. मग `F4` दाबून `show-fps` वर खूण केली. कोपऱ्यात `FPS/UPS` असे दोन आकडे आले, दोन्ही चाळिशीत. यातला पहिला सेकंदाला किती चित्रं दाखवली ते सांगतो. दुसरा (घरातल्या बॅटरीच्या यूपीएसशी याचा संबंध नाही) खेळाच्या जगाचा हिशेब सेकंदाला किती वेळा झाला ते सांगतो. चित्रांचा आकडा पडला आणि हिशेबाचा ६० वर टिकला, तर कार्डावर संशय घ्यावा. हिशेबच घसरला असेल, तर कार्ड बिचारं रिकामं बसून वाट बघतंय.

खेळ नीट चालायचा तर हा हिशेब सेकंदाला ६० वेळा व्हायला हवा, म्हणजे एका फेरीला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात प्रत्येक हात, भट्टी, आगगाडी, शत्रू यांची पुढची स्थिती ठरवायची. तुम्ही पडद्यावर कोपरा बघत असलात तरी हिशेब साऱ्या कारखान्याचा होतो. भाच्याच्या कारखान्याला एका फेरीला २५ मिलिसेकंद लागत होते. हजाराला पंचविसाने भागा, ४० येतात. खेळातला एक मिनिट घड्याळात दीड मिनिट चालत होता.

"पण प्रोसेसर तर मोकळाच आहे!" म्हणत त्याने टास्क मॅनेजर दाखवला. वापर दहा टक्क्यांच्या आसपास. इथेच पुष्कळजण फसतात. आठ कोअरच्या त्या प्रोसेसरला विंडोज सोळा धागे मानतं. त्यातला एक धागा पूर्ण दमला, तरी एकूण वापरात तो सव्वासहा टक्केच दिसतो. मग बाकीचे पंधरा हातभार का लावत नाहीत? कारण एका हाताने पट्ट्यावरची पत्री उचलली, तर दुसऱ्याला ती मिळता कामा नये. शिवाय चारजण मिळून खेळत असतील, तर चौघांच्या संगणकांवर अगदी तेच उत्तर यायला हवं. म्हणून बरंचसं काम ठरल्या क्रमाने, एकामागून एक करावं लागतं.

त्या एका धाग्याचाही बराच वेळ निव्वळ थांबण्यात जातो. हजारो यंत्रांची माहिती मेमरीत विखुरलेली असते आणि ती आणेपर्यंत प्रोसेसर खोळंबतो. त्याच्या पोटातली छोटी जलद मेमरी, म्हणजे कॅशे, मोठी असेल तर हे हेलपाटे वाचतात. २०२२ साली आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅशे आहे, साध्या ५८००एक्स मध्ये ३२. फॅक्टोरिओच्या खेळाडूंनी तो उचलून धरला तो यासाठीच. मात्र कारखाना त्या कॅशेतही मावेनासा झाला की हा फायदा आटतो.

पैसे न घालवता होणारा इलाज म्हणजे मोजायच्या वस्तू कमी करणं. `F4` मध्येच `show-time-usage` सुरू केलं की वेळ कुठे जातो ते दिसतं. `Script update` फुगलेलं असेल तर एखादं मॉड काढा. भाच्याचा वेळ यंत्रांवरच जात होता. हिरव्या सर्किटला प्रत्येकी तीन तांब्याच्या तारा लागतात आणि त्या सगळ्या तो पट्ट्यावरून फिरवत होता. आम्ही तारेची तीन यंत्रं सर्किटच्या दोन यंत्रांना खेटून लावली. आता हात एका यंत्रातून काढून थेट दुसऱ्यात टाकतो. मधला पट्टा, पट्ट्यावर ठेवणारे आणि त्यावरून उचलणारे हात, सगळंच गेलं. विजेसाठी बॉयलरऐवजी सौर पट्ट्या टाकल्या. त्या जागा भरमसाट खातात, पण एकसारख्या असल्यामुळे खेळ त्यांचा हिशेब एकगठ्ठा करतो, त्यामुळे हजार पट्ट्यांचाही भार नगण्य.

काही खेळ तर मर्यादाच घालून मोकळे होतात. सिटीज: स्कायलाइन्सच्या २०१५ च्या मूळ खेळात शहराची वस्ती कितीही दाखवली, तरी एका वेळी रस्त्यावर ६५,५३६ च माणसं हिंडू शकतात. मला हे जरा फसवं वाटतं, पण प्रोसेसरच्या दृष्टीने शहाणपणाचं आहे.

एका रविवारच्या खटपटीनंतर भाच्याचा आकडा ५४ वर आला, कार्ड जुनंच. तुमचा खेळ मंदावला असेल तर दुकानात जाण्याआधी एकदा नकाशा उघडून बघा.